गर्भारपणातील दात, हिरड्या आणि 'बाळंतपणानंतर बघू'

गर्भारपणात तोंडात होणारे बदल गर्भाच्या वाढीप्रमाणेच आठवड्यांच्या हिशेबाने पुढे सरकतात. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास हिरड्यांना सूज येऊ लागते, पहिल्या तीन-चार महिन्यांत उलट्यांचे आम्ल दातांच्या आतल्या बाजूवर काम करते, आठव्या महिन्यात हिरड्यांची सूज शिखराला पोहोचते आणि प्रसूतीनंतर ती हळूहळू ओसरते. दंतवैद्याकडे जाऊन उपचार घेण्यालाही असाच एक सोयीचा काळ असतो व तो साधारणपणे चौदाव्या आठवड्यापासून सुरू होऊन अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आसपास संपतो. या दोन वेळापत्रकांचा मेळ बसला तर बहुतेक त्रास साध्या उपचारांनी आटोक्यात येतात. मात्र 'आता हात लावायला नको, बाळंतपण झाल्यावर बघू' हा सल्ला घरातून, शेजारातून आणि कधी कधी दवाखान्यातूनही इतक्या सहजपणे दिला जातो की सोयीचा काळ निघून जातो आणि दुखणारी दाढ अडचणीच्या महिन्यांत जाऊन पोहोचते.

पिंपळे सौदागरसारख्या वस्तीत या थांबण्याला आणखी काही कारणे येऊन मिळतात. पवनेच्या काठच्या या जुन्या गावात आज हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील कारखान्यांत काम करणारी तरुण कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांपैकी कित्येकांची मूळ घरे मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात किंवा सोलापूर-साताऱ्याकडे आहेत. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून टिकून असल्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यात गर्भवती स्त्री शहर सोडते आणि तिचे कागद, तिचे डॉक्टर व तिचा अर्धवट राहिलेला उपचार मागे राहतो. नोकरी करणाऱ्या स्त्रीची अडचण वेगळी असते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली असली, तरी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी त्यातील जास्तीत जास्त ८ आठवडेच घेता येतात. म्हणजे बत्तिसाव्या आठवड्यापूर्वी ही रजा सुरू होऊ शकत नाही, आणि दातांच्या उपचारांचा सोयीचा काळ नेमका त्याआधी, ऐन नोकरीच्या किंवा कारखान्यातील पाळीच्या धावपळीत संपून गेलेला असतो.

हिरड्यांपासून सुरुवात करणे योग्य ठरेल, कारण बहुतेक गर्भवतींना पहिली खूण तिथेच दिसते. ब्रश करताना बेसिनमध्ये रक्त दिसते, दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोणी भाग गुलाबी न राहता गडद लाल व फुगीर होतो, सफरचंदाचा तुकडा तोडला तर त्यावर रक्ताचा डाग उमटतो. दंतवैद्यकात याला गर्भारपणातील हिरडीदाह म्हणतात आणि सुमारे ६० ते ७५ टक्के गर्भवतींमध्ये तो कमी-अधिक प्रमाणात आढळतो. गर्भारपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची, म्हणजे ग्रंथींतून रक्तात मिसळणाऱ्या नियंत्रक द्रव्यांची, पातळी अनेक पटींनी वाढते. त्यामुळे हिरडीतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात व त्यांच्या भिंतींतून द्रव सहज झिरपू लागतो. ही संप्रेरके स्वतः हिरडीला आजारी पाडत नाहीत. दातांच्या मुळाशी साचलेल्या जिवाणूंच्या चिकट थराला हिरडी एरवी जेवढा प्रतिसाद देते, त्याहून मोठा प्रतिसाद ती या काळात देते. शिवाय १९८० मध्ये कॉर्नमन आणि लोश यांनी दाखवून दिले की आज 'प्रिव्होटेला इंटरमीडिया' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिवाणूला वाढीसाठी लागणाऱ्या के-जीवनसत्त्वासारख्या द्रव्याची गरज तो या संप्रेरकांवर भागवू शकतो, आणि गर्भारपणाच्या मधल्या महिन्यांत हिरडीखाली त्याचे प्रमाण वाढते.

या विषयाच्या इतिहासातील एक गोष्ट अभ्यासकांनाही अनेकदा ठाऊक नसते. पिंपरीतील डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयापासून देशातल्या कोणत्याही दंत महाविद्यालयापर्यंत प्रत्येक विद्यार्थी हिरड्यांची तपासणी शिकताना ० ते ३ या गुणांचा जो हिरडी-निर्देशांक पाठ करतो, त्याचा जन्म गर्भवती स्त्रियांच्याच अभ्यासातून झाला आहे. हॅराल्ड लोए आणि जॉन सिलनेस या नॉर्वेतील संशोधकांनी १९६३ मध्ये गर्भवती व नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रियांच्या हिरड्या तपासण्यासाठी ही मोजपट्टी तयार केली. निरोगी हिरडीला शून्य, किंचित लालीला एक, बोथट सळईने हलकेच चाचपल्यावर रक्त आले तर दोन आणि आपोआप रक्त येत असेल तर तीन, असा तिचा हिशेब आहे. दातांवरील थर मोजण्याची जोडपट्टी पुढच्याच वर्षी आली. या दोन मापांनी त्यांना जे दिसले ते आजही टिकून आहे. सूज दुसऱ्या महिन्यापासून चढते, आठव्या महिन्यात सर्वाधिक होते व नंतर उतरते, आणि थराचे प्रमाण तेवढेच असतानाही गर्भवतीची हिरडी अधिक सुजते. यातून निघणारा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. संप्रेरकांना कोणी हात लावू शकत नाही, पण थर काढता येतो, आणि थर नसेल तर संप्रेरकांना भडकवायला फारसे काही उरत नाही.

रक्त येते म्हणून ब्रश करणे थांबवणे ही या टप्प्यावरची सर्वांत सामान्य चूक आहे. ब्रश थांबला की थर वाढतो, थर वाढला की सूज वाढते आणि रक्तही वाढते, मग स्त्री आणखी हलक्या हाताने आणि आणखी कमी ठिकाणी ब्रश फिरवू लागते. अतिशय मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश हिरडी व दात यांच्या सांध्यावर तिरका ठेवून दिवसातून दोनदा फिरवला, तर रक्तस्राव बहुधा एक-दोन आठवड्यांत कमी होताना दिसतो. तो कमी झाला नाही तर दातांवर किटण, म्हणजे थर कडक होऊन बनलेला दगडासारखा लेप, साचलेला आहे असे समजावे, कारण किटण ब्रशने निघत नाही, ते दंतवैद्याच्या उपकरणानेच काढावे लागते. 'क्लीनिंग केल्याने दात हलतात' हा समज पिंपळे सौदागरच्या इमारतींतही तेवढाच पक्का आहे जेवढा खेड्यात. वस्तुस्थिती अशी की किटणाने आधीच हाड झिजवलेले असेल, तर तो आधार दूर झाल्यावर दाताचा ढिलेपणा जाणवू लागतो. शिवाय गर्भारपणात दातांभोवतीचे तंतू थोडे सैल होतात व निरोगी दातही किंचित हलतो, तो प्रसूतीनंतर पुन्हा घट्ट बसतो.

सुजलेली हिरडी आणि हाड झिजवणारा खोल आजार यांतला फरक मात्र डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दात व हिरडी यांच्यामधल्या फटीत हलकेच उतरवतो. १ ते ३ मिलिमीटर खोली निरोगी मानली जाते. गर्भारपणात हिरडीच वर फुगल्यामुळे ही खोली ४ मिलिमीटर भरू शकते, तरीही मुळाशी दाताला धरून ठेवणारा भाग शाबूत असतो. सळईने दातावरील ठरावीक खुणेपासून मोजल्यावर हा धरून ठेवणारा भागच खाली गेलेला आढळला, तर तो आजार गर्भारपणापूर्वीचा असतो आणि प्रसूतीनंतर आपोआप बरा होण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

काही स्त्रियांच्या, सुमारे ५ टक्क्यांपर्यंतच्या, हिरडीवर एक लालभडक गाठ उगवते, ती बहुधा वरच्या पुढच्या दोन दातांच्या मधून डोकावते, देठावर बसल्यासारखी दिसते आणि ब्रशचा किंवा भाकरीच्या कडेचा स्पर्श झाला तरी भळाभळा रक्त देते. या गाठीला इंग्रजी पुस्तकांतून आलेले 'प्रेग्नन्सी ट्यूमर' हे नाव दवाखान्यात उच्चारले गेले की घरात कर्करोगाची भीती पसरते, आणि ती भीती निराधार आहे, कारण ही गाठ म्हणजे नव्या रक्तवाहिन्यांचा व सुजलेल्या ऊतींचा पुंजका असतो. तिच्या तळाशी बहुधा थर किंवा किटणाचा खडा सापडतो. तो काढला आणि जागा स्वच्छ ठेवली की गाठ बहुधा प्रसूतीपर्यंत सांभाळता येते व नंतर बरीच आक्रसते. खाताना ती दाताखाली येत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तरच गर्भारपणात ती कापून काढतात. मात्र तेव्हा संप्रेरके तशीच असल्यामुळे ती पुन्हा उगवण्याची शक्यता असते आणि हे रुग्णेला आधी सांगायला हवे.

हिरडीच्या आजाराचा संबंध अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी असावा, ही शंका १९९६ मध्ये ऑफेनबाकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने जगभर पोहोचवली. ज्या मातांच्या हिरड्यांचा आजार तीव्र होता, त्यांच्यात लवकर प्रसूती व कमी वजनाचे बाळ यांचे प्रमाण बरेच जास्त दिसले होते. मग साहजिक प्रश्न आला की हिरड्यांवर उपचार केले तर हे टळेल का. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत हिरड्यांचा खोल आजार असलेल्या ८२३ गर्भवतींची चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छेने विभागणी करण्यात आली. एका गटाच्या दातांची मुळापर्यंत सफाई एकविसाव्या आठवड्याच्या आत केली गेली, दुसऱ्या गटाची प्रसूतीनंतर. ३७ आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतीचे प्रमाण पहिल्या गटात १२.० टक्के व दुसऱ्यात १२.८ टक्के निघाले, म्हणजे फरक नगण्य होता. 'दात साफ केले की बाळ पूर्ण दिवसांचे होईल' असे आश्वासन यावरून देता येत नाही, आणि जाहिरातींत ते कोणी देत असेल तर ते चूक आहे. पण याच निकालाची दुसरी बाजू मराठी घरांसाठी अधिक मोलाची आहे. गर्भारपणाच्या मध्यावर, गरज पडेल तिथे भूल देऊन, अनेक बैठकांत हिरडीखालून खरवडून केलेल्या या उपचाराने आईला वा गर्भाला वाढीव धोका झाला नाही, उलट हिरड्या स्पष्टपणे सुधारल्या. 'क्लीनिंग केल्याने गर्भ पडतो' या भीतीला याहून नेमके उत्तर मिळणे कठीण आहे.

आता उलट्यांकडे वळता येईल. जठरातील रसाची आम्लता फार तीव्र असते. आम्लता मोजण्याच्या पीएच मापावर ती साधारण १.५ ते २ च्या आसपास भरते, तर दाताचे कवच, म्हणजे सर्वांत बाहेरचा कठीण पांढरा थर, ५.५ च्या खाली विरघळू लागते. हे माप आकडा कमी तसे आम्ल अधिक असे वाचायचे असते, आणि एकेका आकड्याच्या फरकात आम्लता दहा पट बदलते. उलटी होताना जीभ खालच्या दातांना झाकते, म्हणून आम्लाचा मारा वरच्या पुढच्या दातांच्या टाळूकडील बाजूवर सर्वांत जास्त होतो, आणि आरशात ती बाजू दिसत नसल्यामुळे झीज बराच काळ लक्षात येत नाही. तिच्या खुणा ओळखता येतात. टाळूकडून बोट किंवा जीभ फिरवली तर दात अनैसर्गिक गुळगुळीत लागतात, कडा पातळ व काचेसारख्या आरपार दिसू लागतात, थंड पाणी किंवा वाऱ्याची झुळूकही झोंबते, आणि जुने सिमेंट दाताच्या पृष्ठभागाच्या वर उंचवट्यासारखे उभे राहते, कारण भोवतालचा दात झिजलेला असतो व सिमेंट मात्र जसेच्या तसे असते.

उलटी झाल्यावर लगेच ब्रश करण्याचा मोह होतो व तो टाळायला हवा. आम्लाने कवचाचा वरचा थर त्या वेळी मऊ झालेला असतो आणि त्यावर केस फिरले की तो खरवडला जातो. लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट हा थर पुन्हा घट्ट करतात, त्यासाठी अर्धा ते एक तास द्यावा. तेवढ्या वेळात करायचे ते सोपे आहे. एक कप पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा विरघळवून त्याने चूळ भरावी, तोंडभर खळखळवून थुंकावी, गिळू नये. सोडा आम्ल निष्प्रभ करतो, तोंडातील कडवट-आंबट चवही जाते. गिळायचा नसल्याचे कारण असे की सोड्यात सोडियम असते आणि रक्तदाब वाढलेल्या गर्भवतीला ते पोटात जायला नको. कचेरीत किंवा कंपनीच्या बसमध्ये सोडा जवळ नसेल, तर साध्या पाण्याच्या दोन-तीन चुळाही उपयोगी पडतात. दिवसाकाठी पाच-सहा उलट्या होणाऱ्या स्त्रीच्या दातांना मात्र चुळांपेक्षा उलटी थांबवणाऱ्या औषधाचा आधार अधिक लागतो. डॉक्सिलामिन आणि बी-सहा जीवनसत्त्व यांची संयुक्त गोळी स्त्रीरोगतज्ज्ञ याच कारणासाठी देतात, आणि 'उलट्या व्हायच्याच, सहन कर' म्हणून ती नाकारणाऱ्या घरात त्या बाईच्या दातांचे नुकसान रोज थोडे थोडे होत राहते.

उलट्यांच्या महिन्यांत ब्रश तोंडात घातला की ओकारी येते, विशेषतः मागच्या दाढांपाशी. अशा वेळी सकाळी उठताच ब्रश करण्याचा आग्रह सोडून, मळमळ कमी असेल त्या वेळी, मान किंचित पुढे झुकवून, मुलांच्या मापाचा ब्रश वापरावा. पेस्टचा फेस व तीव्र चव सोसत नसेल तर आधी कोरडा ब्रश फिरवून शेवटी वाटाण्याएवढी पेस्ट लावता येते. पेस्टमध्ये फ्लोराइड असावे व ते सुमारे १००० पीपीएम असल्याचे वेष्टनावर पाहून घ्यावे. फ्लोराइड हे आम्लाने मऊ झालेल्या कवचाला पुन्हा बळ देणारे द्रव्य आहे आणि या प्रमाणात ते गर्भारपणात निर्धोक आहे.

डोहाळ्यांचा विषय इथे टाळता येत नाही. चिंच, कैरी, आवळा, लिंबू यांची ओढ उलट्यांच्याच महिन्यांत लागते, म्हणजे जठराच्या आम्लावर बाहेरचे आम्ल येऊन पडते. ते खाऊच नये असे कोणी म्हणत नाही, पण चिंचेचा गोळा तासभर गालात धरून चघळणे आणि तीच चिंच जेवणात आमटीतून खाणे यांत दातांच्या दृष्टीने फार अंतर आहे. थोडे थोडे वारंवार खाण्याचा सल्ला मळमळीवर योग्य असला, तरी दर खेपेला बिस्किट तोंडात गेले तर दाढेच्या खाचांत पीठ व साखर दिवसभर राहते, त्याऐवजी फुटाणे, शेंगदाणे, पनीर, ताक असे पर्याय घेता येतात. भाजलेली माती, खडू किंवा पाटीची पेन्सिल खाण्याची इच्छा अनेकदा रक्तातील लोहाच्या कमतरतेबरोबर दिसते, अशा खाण्याने दात झिजतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती स्त्रीरोगतज्ज्ञाला सांगण्याची गोष्ट आहे.

महाराष्ट्रातील एक प्रश्न याहून गंभीर आहे व तो मिश्रीचा. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून केलेली ही पूड दात व हिरड्यांवर घासली जाते. चाकण-भोसरीच्या कामगार वस्त्यांत व राज्याच्या अनेक जिल्ह्यांत ती आजही दात घासण्याचेच साधन मानली जाते. 'मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही' असे सांगणारी स्त्री स्वतःला तंबाखूची व्यसनी समजत नाही, म्हणून 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला ती मनापासून नाही म्हणते. मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुप्ता व श्रीविद्या यांच्या अभ्यासात तंबाखू वापरणाऱ्यांपैकी बहुतेकजणी मिश्रीच वापरत होत्या, आणि इतर कारणांचा हिशेब वजा करूनही तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. दंतवैद्याने व परिचारिकेने 'दात कशाने घासता' असे विचारले तर खरे उत्तर मिळते, आणि गर्भारपणातल्या तोंडाच्या तपासणीत हा एक प्रश्न विचारला गेला नाही तर ती तपासणी अपुरी राहिली असेच म्हणावे लागेल.

उपचारांच्या सुरक्षिततेचा प्रश्न एका नमुनादाखल घेतलेल्या रुग्णेवरून अधिक स्पष्ट होईल. ही रुग्णा कल्पित आहे, पण तिच्यासारख्या स्त्रिया रहाटणी, वाकड, सांगवी, पिंपळे सौदागर भागातील दवाखान्यांत नेहमी येतात. वय २८, वजन ५५ किलो, अठरावा आठवडा, नोकरी हिंजवडीत, माहेर लातूरकडे. खालच्या उजव्या दाढेला दोन वर्षांपासून कीड आहे. पूर्वी थंड लागले की कळ येई, आता रात्री आडवे पडले की ठणका लागतो व जागरण होते. कीड दाताच्या आतल्या मऊ, नसा व रक्तवाहिन्या असलेल्या गाभ्यापर्यंत पोहोचल्याची ही खूण आहे, आणि या टप्प्यावरून दाढ आपोआप बरी होत नाही. ठणका काही दिवसांनी थांबला, तरी त्याचा अर्थ गाभा मेला असा होतो. संसर्ग त्यानंतर मुळाच्या टोकातून हाडात उतरतो व गालावर सूज येते.

दंतवैद्य आधी रक्तदाब मोजतो, हिमोग्लोबिन व साखरेचे अलीकडचे अहवाल पाहतो, कोणती औषधे चालू आहेत ते विचारतो आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला फोन वा चिठ्ठी पाठवतो. चिठ्ठीत 'दातांचा उपचार चालेल का' एवढेच विचारले तर सावध उत्तर म्हणून 'नंतर करा' येण्याची शक्यता अधिक असते. 'अठराव्या आठवड्यात लिग्नोकेनची स्थानिक भूल देऊन दाढेचे रूट कॅनाल करायचे आहे, या रुग्णेबाबत काही विशेष काळजी आहे का' असे विचारले तर उपयोगी उत्तर मिळते. मग दाढेचा एक क्ष-किरण फोटो घेतला जातो. या फोटोचा झोत जबड्यावर रोखलेला असतो, गर्भाशय त्याच्या वाटेत नसते, आणि रुग्णेच्या शरीराला त्यातून मिळणारी मात्रा साधारणपणे एका दिवसाच्या नैसर्गिक पार्श्वभूमीच्या किरणांइतकी किंवा त्याहून कमी असते. गर्भाला इजा होण्याचा विचार ज्या मात्रेपासून सुरू होतो तिच्या तुलनेत गर्भापर्यंत पोहोचणारा अंश हजारो पटींनी कमी असतो. शिशाचा एप्रन घातल्याने रुग्णेला धीर येतो व तो घालण्यास हरकत नाही, परंतु खरी सुरक्षितता फोटो आवश्यक असेल तेव्हाच व आवश्यक तेवढेच काढण्यात आहे. फोटो टाळून अंदाजाने दाढ उघडण्यात धोका अधिक आहे.

भुलीचा हिशेबही कागदावर मांडता येतो. २ टक्के लिग्नोकेन म्हणजे दर मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम, म्हणून १.८ मिलिलिटरच्या एका मात्रेत ३६ मिलिग्रॅम भूल जाते. वजनाच्या दर किलोला ४.४ मिलिग्रॅम ही कडक मर्यादा धरली तरी ५५ किलो वजनासाठी ती २४२ मिलिग्रॅम होते, म्हणजे एक इंजेक्शन मर्यादेच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास राहते. भुलीत मिसळलेले अॅड्रेनालिन रक्तवाहिनी आकसवून भूल जागेवर टिकवते व रक्तात कमी जाऊ देते, म्हणून सुई रक्तवाहिनीत नाही याची खात्री दट्ट्या मागे ओढून करून सावकाश टोचले तर त्याचा त्रास होत नाही. रक्तदाब बेताल वाढलेला असेल तेव्हा मात्र थांबून आधी स्त्रीरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा लागतो. इस्राएलमधील, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दातांसाठी भूल घेतलेल्या २१० गर्भवतींची तुलना न घेतलेल्या ७९४ जणींशी केली असता बाळांतील मोठ्या जन्मजात दोषांच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. भूल न देता दाढ कोरण्याचा प्रयत्न केल्यास तीव्र वेदनेने आईच्याच शरीरात अॅड्रेनालिन उसळते, ही बाब भुलीला घाबरणाऱ्या नातेवाइकांना समजावून सांगावी लागते.

पहिल्या बैठकीत दाढेचा वरचा भाग कोरून संसर्ग झालेला गाभा काढून टाकतात, पोकळी धुऊन औषध ठेवतात व तात्पुरते सिमेंट बसवतात. रात्रीचा ठणका बहुधा यानंतर उतरतो. मुळे पूर्ण भरण्याचे काम आठ-दहा दिवसांनी दुसऱ्या बैठकीत होते आणि कॅप प्रसूतीनंतर बसवली तरी चालते. याच दोन भेटींत दातांची सफाईही उरकता येते. पहिल्या तीन महिन्यांत नेहमीची कामे पुढे ढकलण्याचे कारण हे की त्या वेळी गर्भाचे अवयव घडत असतात, मळमळ असते आणि निसर्गतःच होणाऱ्या गर्भपातांचे प्रमाण त्याच काळात जास्त असल्याने योगायोगाचा दोष उपचारावर येतो. दाताचे दुखणे, सूज किंवा पू असेल तर मात्र कोणताही महिना वर्ज्य नाही. स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या 'एकॉग' या अमेरिकी संघटनेने २०१३ मध्ये हेच स्पष्ट शब्दांत सांगितले होते.

विसाव्या आठवड्यानंतर खुर्चीतली बसण्याची पद्धत बदलावी लागते. गर्भवती पाठीवर सरळ झोपली की वाढलेले गर्भाशय पोटातील मोठ्या शिरेवर दाब देते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, घाम फुटतो, मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते. उजव्या कुशीखाली छोटी उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेवून शरीर डावीकडे किंचित कलते केले व पाठ अर्धी उभी ठेवली की हा त्रास टळतो. तरीही चक्कर आलीच तर रुग्णेला पूर्ण डाव्या कुशीवर वळवावे.

उपचारापेक्षा खरा धोका अनेकदा कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये असतो. दाढ दुखते म्हणून चिठ्ठीविना आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी, तिच्यासोबत ओफ्लॉक्सासिन व ऑर्निडॅझोलची संयुक्त गोळी, असा पुडा सहज मिळतो. पहिल्या गटातील वेदनाशामके विसाव्या आठवड्यानंतर गर्भाच्या मूत्रपिंडावर परिणाम करून गर्भजल कमी करू शकतात, आणि शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाच्या हृदयाजवळील एक महत्त्वाची रक्तवाहिनी अवेळी बंद होण्याची भीती असते. डॉक्सिसायक्लिनसारखी टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके बाळाच्या घडत असलेल्या दातांवर कायमचे डाग पाडू शकतात. वेदनेसाठी योग्य मात्रेतील पॅरासिटॅमॉल आणि संसर्गासाठी डॉक्टरांनी दिलेले अॅमॉक्सिसिलिन हे पहिले पर्याय आहेत, मात्र पेनिसिलिनची अॅलर्जी आहे का हे आधी विचारायला हवे. कोणतीही गोळी कीड किंवा पू काढून टाकत नाही, म्हणून गोळ्यांवर आठवडे ढकलणारी स्त्री सुरक्षित उपचार टाळून असुरक्षित औषध पत्करते. गालावरची सूज जबड्याखाली उतरली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास होऊ लागला तर ती रात्रीची वेळ असली तरी थेट पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा औंधचे जिल्हा रुग्णालय यांसारखे मोठे रुग्णालय गाठावे, कारण मानेत पसरणारी ही सूज काही तासांत श्वासमार्ग दाबू शकते.

पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची तपासणी होते. त्या रांगेत वजन, रक्तदाब, रक्त, लघवी पाहिली जाते. त्याच वेळी तोंड उघडायला सांगून हिरड्यांवर बॅटरी मारली आणि 'ब्रश करताना रक्त येते का, रात्री दाढ ठणकते का, दात कशाने घासता' असे तीन प्रश्न विचारले, तर दोन मिनिटांत कोणाला दंतवैद्याकडे पाठवायचे ते ठरवता येते. ही विभागणी चौदाव्या ते सोळाव्या आठवड्याच्या भेटीत झाली तर वर वर्णिलेल्या रुग्णेला विसाव्या आठवड्यापर्यंत दाढ भरून मिळते, आणि बत्तिसाव्या आठवड्यात डोहाळजेवणानंतर ती लातूरला निघते तेव्हा तिच्या सोनोग्राफीच्या फाइलमध्ये आणखी एक कागद असतो. कोणत्या दाढेवर काय केले, कोणती भूल किती दिली, कॅप बाकी आहे आणि हिरड्यांची पुढची सफाई केव्हा करावी, एवढे त्यावर लिहिलेले असते. प्रसूतीनंतर बाळाला अंगावर पाजत असताना कॅप बसवता येते आणि लिग्नोकेनच्या भुलीसाठी दूध थांबवावे लागत नाही. हिरडीवर गाठ उरली असेल तर प्रसूतीनंतर काही महिने वाट पाहून, ती तशीच राहिली तर, काढून तपासणीला पाठवतात.